शेतकऱ्याचे उत्पन्न सिद्ध करता येते

नाशिक, सांगली, जळगाव जिल्ह्यांतल्या गावोगावची मुले आज इंग्लंडात नोकरीला आहेत. आईवडिलांनी महिना-दीड महिना येऊन राहावे, नातवंडाचे तोंड पाहावे, अशी त्यांची इच्छा असते. पण व्हिसाचा विषय निघाला की घरात ठरलेले वाक्य ऐकू येते : "आपल्याकडे ना पगाराची स्लिप, ना रिटर्न. शेतकऱ्याला कोण व्हिसा देणार?" गावातल्या किराणा दुकानदाराच्या घरीही हेच बोलले जाते. त्यापाठोपाठ जाणते लोक उपाय सांगतात. तहसीलदारांकडून भरभक्कम आकड्याचा उत्पन्नाचा दाखला काढा. खात्यावर आठ-दहा लाख आणून ठेवा. तीन वर्षांचे रिटर्न एकदम भरून टाका. आणि सीएकडून संपत्तीचे प्रमाणपत्र घ्या, जमिनीची किंमत त्यात कोटीत दिसू द्या.

हा पूर्वपक्ष निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(1) प्रमाणे शेतीचे उत्पन्न करमुक्त होते आणि 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते तसेच आहे. त्यामुळे केवळ शेती करणाऱ्या घरात रिटर्न भरण्याचा प्रसंगच येत नाही. "हा आमच्याकडे कामाला आहे आणि अमुक तारखेला परत रुजू होणार आहे," असे लिहून देणारा मालक शेतकऱ्याला नसतो. पैसा हंगामात येतो आणि पुष्कळदा रोखीत येतो. शिवाय अर्ज नाकारले गेलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून "शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही" हा निष्कर्ष लोकांना अनुभवसिद्ध वाटतो.

माझे म्हणणे असे की निष्कर्ष चुकीचा आहे आणि त्यावर सुचवलेले उपाय घातक आहेत. शेतीचे किंवा दुकानाचे उत्पन्न सिद्ध करता येते. ते सिद्ध होते माल आणि पैसा ज्या वाटेने गेला त्या वाटेवरच्या कागदांनी. वरून आणलेल्या शिक्क्यांनी तो माग उलट पुसला जातो. विवेचन नेमके राहावे म्हणून मी ब्रिटनच्या पाहुणा-व्हिसापुरतेच, म्हणजे 'स्टँडर्ड व्हिजिटर' पुरतेच बोलतो.

अधिकारी नेमके काय तपासतो

या व्हिसाचे नियम ब्रिटनच्या स्थलांतर नियमावलीतल्या 'अपेंडिक्स व्ही' या परिशिष्टात आहेत. उत्पन्नाच्या दृष्टीने त्यात दोन अटी महत्त्वाच्या. पाहुणा मुदत संपल्यावर परत जाईल, अशी खात्री पटली पाहिजे. आणि तिथे काम न करता, सरकारी मदत न घेता, परतीच्या प्रवासासह सगळा वाजवी खर्च भागेल एवढा पैसा हाताशी असला पाहिजे. हा खर्च मुलाने किंवा मुलीने उचलला तरी चालतो, मात्र तो उचलण्याची त्यांची ऐपत आणि तयारी दिसली पाहिजे. खात्यात किमान अमुक रक्कम हवी, रिटर्न हवाच, पगाराची स्लिप हवीच, असे या नियमांत कुठेही लिहिलेले नाही.

मग अर्ज का नाकारले जातात? अर्जदार सहसा अधिकाऱ्यासमोर उभा राहत नाही. अर्ज ऑनलाइन भरला जातो, केंद्रावर बोटांचे ठसे आणि फोटो होतात, आणि निर्णय कागदांवरून होतो. अर्जात उत्पन्न किती, मासिक खर्च किती, बचत किती, या प्रवासावर किती खर्च करणार, असे प्रश्न असतात. अधिकारी ती उत्तरे बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहतो. अर्जातला आकडा स्टेटमेंटमध्ये सापडला नाही किंवा खात्यातली रक्कम कुठून आली ते कळले नाही, तर तो असमाधानी राहतो आणि नकार लिहितो. नकाराचे कारण बहुतेक वेळा शेती हे नसते. सांगितलेली गोष्ट आणि दिलेले कागद यांत पडलेले अंतर हे असते.

चार उपायांचे खंडन

पहिला उपाय तहसीलदारांच्या दाखल्याचा. हा दाखला कसा तयार होतो ते आपल्याला ठाऊक आहे. अर्जदार स्वयंघोषणापत्र देतो, तलाठी अहवाल देतो, त्यावर दाखला निघतो. बहुतेक घरांत तो शिष्यवृत्तीसाठी किंवा फी-सवलतीसाठी काढलेला असतो आणि तिथे आकडा मर्यादेच्या आत बसवण्याकडे कल असतो. आता त्याच घरात व्हिसासाठी बारा लाखांचा दाखला निघाला, तर एकाच कुटुंबाच्या उत्पन्नाचे दोन सरकारी आकडे तयार होतात आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत. ही नैतिक अडचण बाजूला ठेवली तरी व्यावहारिक अडचण उरतेच. दाखल्यावर बारा लाख असतील आणि खात्यात वर्षभरात चारच लाख जमा दिसत असतील, तर त्या दाखल्याने उत्पन्न सिद्ध होत नाही, अर्जदारावरचा विश्वास मात्र जातो. दाखला जोडायचा तर तो खात्याशी जुळणाऱ्या आकड्याचा असावा. तसा मिळत नसेल तर न जोडलेला बरा.

दुसरा उपाय खात्यावर रक्कम आणून ठेवण्याचा, आणि सर्वांत जास्त नुकसान यानेच होते. मेहुण्याकडून, पतसंस्थेतून किंवा एजंटामार्फत पाच लाख येतात, स्टेटमेंट निघते, पैसे परत जातात. ज्या खात्यात सहा महिने वीस-तीस हजारांच्या वर शिल्लक गेली नाही, तिथे अर्जाच्या आधी पंधरा दिवस एकरकमी पाच लाख पडलेले कोणालाही दिसतात. त्या रकमेचा उगम सांगता आला नाही, तर हा पैसा खरोखर तुमचा आहे असे अधिकारी मानत नाही आणि उरलेल्या खऱ्या कागदांकडेही संशयाने पाहतो. नोकरदाराने असे केले तरी हेच होते. म्हणजे ज्या नकारावरून "शेतकऱ्याला देत नाहीत" असे आपण म्हणतो, त्याचे मूळ कित्येकदा या उपायातच असते.

तिसरा उपाय तीन वर्षांचे रिटर्न एकदम भरण्याचा. जिथे कर निघत नाही तिथे हे कायद्यानेच शक्य नाही. मुदतीत राहिलेला रिटर्न उशिरा भरता येतो, पण तो त्या आकारणी वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंतच. त्यानंतर राहतो तो 'अपडेटेड रिटर्न', आणि तो जादा कर भरणाऱ्यासाठी आहे. ज्याचा कर शून्य आहे त्याला तो भरता येत नाही. मग मागची वर्षे भरायची म्हणून काही जण नसलेले धंद्याचे उत्पन्न दाखवून त्यावर कर भरतात. त्यामुळे शेतकरी कागदावर 'कमिशन एजंट' किंवा 'शिकवणी घेणारा' होतो आणि पुढे त्याच्याच सातबाराशी त्याचा रिटर्न जुळत नाही.

चौथा उपाय सीएच्या प्रमाणपत्राचा. हे प्रमाणपत्र खोटे नसते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असते. जमिनीची किंमत सव्वा कोट आहे यावरून तुम्ही वर्षाला काय कमावता ते कळत नाही, आणि जमीन विकून कोणी विमानाचे तिकीट काढत नाही. गावाशी असलेली बांधिलकी दाखवायला त्याचा थोडा उपयोग होतो. पण ती बांधिलकी सातबारा नाममात्र खर्चात आणि अधिक नेमकेपणाने दाखवतो.

एक घर, एक वर्ष

आता मंडन. नमुन्यासाठी निफाड तालुक्यातले एक घर घेऊ. नवरा-बायको पन्नाशीच्या पुढचे. दोन एकर द्राक्षबाग, दीड एकर कांदा आणि गावात छोटे किराणा दुकान. मुलगा लीड्समध्ये नोकरीला. दोघांना जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवडे जायचे आहे.

सुरुवात हिशोबापासून करायची आणि हिशोब निव्वळ उत्पन्नाचा करायचा. द्राक्षाचे वीस टन पस्तीस रुपयांनी गेले, तर पट्टी सात लाखांची होते. त्यातून छाटणी, औषधे, खते, मजुरी यांचे साडेचार लाख वजा केले की अडीच लाख उरतात. कांदा दीडशे क्विंटल, सरासरी दर पंधराशे, म्हणजे सव्वादोन लाख, आणि एक लाख खर्च जाऊन सव्वा लाख. शेतीचे निव्वळ पावणेचार लाख झाले. पुष्कळ जण इथे सव्वानऊ लाखांची विक्रीच उत्पन्न म्हणून लिहितात. मग स्टेटमेंटमध्ये औषधांच्या दुकानाला आणि मजुरीला गेलेल्या रकमा पाहून अधिकाऱ्याला वाटते की हे घर मिळवते तेवढे सगळे खर्च करते.

दुकानाची वर्षाची उलाढाल अठरा लाख, पैकी आठ लाख क्यूआर कोडवर आणि दहा लाख रोख. छोट्या व्यापाऱ्यांसाठी आयकरात गृहीत नफ्याची सोय आहे. डिजिटल विक्रीवर किमान 6 टक्के आणि रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरून रिटर्न भरता येतो, जमाखर्चाची वहीखाती ठेवावी लागत नाहीत. त्या हिशोबाने 48 हजार आणि 80 हजार मिळून 1 लाख 28 हजार होतात. कर शून्यच येतो, पण रिटर्न भरला जातो आणि त्यात शेतीचे करमुक्त उत्पन्नही दाखवता येते. इथे एक खाचखळगा आहे. गृहीत नफ्यासाठीचा सोपा फॉर्म आयटीआर-4, पण शेतीचे उत्पन्न 5 हजारांच्या वर असेल तर तो चालत नाही, आयटीआर-3 भरावा लागतो. घाईत आयटीआर-4 भरून शेतीचा रकाना कोरा ठेवला, तर घराचे तीन चतुर्थांश उत्पन्न कागदावरून नाहीसे होते. फक्त शेती असलेल्यांनी आयटीआर-2 भरावा. शेतीचे निव्वळ उत्पन्न 5 लाखांच्या वर गेले, तर त्यात जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावे लागते.

रिटर्न भरला की पीएम-किसानचा हप्ता बंद होतो, या भीतीने अनेक शेतकरी रिटर्नपासून दूर राहतात. योजनेतून वगळले आहेत ते आदल्या आकारणी वर्षी आयकर भरलेले लोक. रिटर्न भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर या घराचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न 5 लाख 3 हजार, म्हणजे महिन्याला सरासरी 42 हजारांच्या आसपास. अर्जात उत्पन्न म्हणून हाच आकडा जातो आणि सोबतच्या पत्रात तो कसा काढला हे चार ओळींत लिहायचे. पैसा दरमहा येत नाही, द्राक्षाचा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि कांद्याचा एप्रिलपासून पुढे टप्प्याटप्प्याने येतो, हे स्पष्ट सांगायचे.

स्टेटमेंट हंगाम गाठणारे हवे

सगळ्यात कळीचा कागद म्हणजे बँकेचे स्टेटमेंट. नोकरदार सहा महिन्यांचे देतात म्हणून शेतकरीही तेवढेच देतो, आणि फसतो. द्राक्षवाल्याने डिसेंबरात अर्ज केला, तर मागचे सहा महिने हे निव्वळ खर्चाचे असतात. गोडी छाटणी, डिपिंग, फवारण्या, मजुरी. जमा बाजू जवळजवळ कोरी. वर्षाला अडीच लाख मिळवणारी बाग त्या कागदावर तोट्यात दिसते. म्हणून स्टेटमेंट किमान बारा महिन्यांचे, शक्य तर दोन हंगाम येतील असे द्यावे. ते बँकेच्या लेटरहेडवर, शिक्का-सहीसह घ्यावे. जिल्हा बँक किंवा पतसंस्था असेल तर शाखेचा पत्ता आणि फोन त्यावर जरूर असावा.

मग प्रत्येक मोठ्या जमेला तिची पावती लावायची. कांद्याची हिशोबपट्टी हातात घ्या. तिच्यावर बाजार समितीचे नाव, शेतकऱ्याचे नाव, तारीख, वजन, दर आणि कपाती असतात. समजा, वजन 24 क्विंटल 60 किलो, दर 1,510. किंमत होते 37,146. हमाली-तोलाईचे 296 वजा जाऊन निव्वळ 36,850. तीन दिवसांनी खात्यात त्याच व्यापाऱ्याकडून 36,850 जमा. पट्टीच्या कोपऱ्यात आणि स्टेटमेंटच्या त्या ओळीसमोर एकच क्रमांक लिहायचा. अशा सात-आठ जोड्या लागल्या की उत्पन्नाला दाखल्याची गरज उरत नाही. पट्टी समितीची, पैसा व्यापाऱ्याचा, नोंद बँकेची. तिघांपैकी कोणीही अर्जदाराचा नातेवाईक नाही. उसाच्या पट्ट्यात हेच काम साखर कारखान्याची बिले करतात, दूधवाल्यांकडे डेअरीची बिले. द्राक्षाचा सौदा बागेवरच होतो, तिथे काट्याची पावती आणि व्यापाऱ्याची सौदापावती जपावी लागते.

या पावत्यांच्या खाली जमिनीचे कागद येतात. डिजिटल सहीचा सातबारा, 8-अ चा खातेउतारा. सातबारावरची पीकपाहणीची नोंद आवर्जून तपासावी. ई-पीक पाहणी राहून गेली असेल आणि पिकाचा रकाना कोरा असेल, तर सव्वादोन लाखांचा कांदा कोणत्या शेतात पिकला याचे उत्तर मिळत नाही. सातबारावर भावांची नावे सामाईक असतील तर आपला हिस्सा किती तो पत्रात लिहावा आणि उत्पन्न तेवढ्याच हिश्श्याचे दाखवावे. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण भाषांतर लागते. त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचे निवेदन हवे. निवडक ओळींचे भाषांतर चालत नाही. 'इतर हक्कां'त सोसायटीच्या कर्जाचा बोजा असला तरी तो जसाच्या तसा उतरवावा.

कर्जाचा बोजा लपवण्यासारखा नसतोच. मात्र त्याची एक नोंद खुलासा मागते. मार्चअखेर पीककर्जाचे नवे-जुने होते. तीन लाख भरायचे म्हणून शेतकरी दोन लाख आठवडाभरासाठी हातउसने आणतो, खात्यात भरतो, कर्ज फेडतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवे कर्ज खात्यात पडते आणि उसने परत जातात. आपल्याकडे हे सर्वांना माहीत आहे. व्हिसा कार्यालयात बसलेल्या माणसाला मात्र त्या ओळी पैसे फिरवल्यासारख्या दिसतात. कर्जखात्याचा उतारा सोबत जोडून "हे पीककर्जाचे वार्षिक नूतनीकरण आहे, उत्पन्न नाही" एवढे वाक्य लिहिले की शंका मिटते. कर्जाची जमा उत्पन्नात धरली, तर हिशोब कोसळतो.

दुकानाचे कागद थोडे. शॉप अॅक्टची पावती, अन्न परवाना, घाऊक व्यापाऱ्यांची काही बिले, क्यूआरची रोजची जमा आणि रिटर्न. मालाच्या विक्रीची उलाढाल 40 लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नाही, हे पत्रात सांगावे, नाहीतर ती उणीव वाटते. रोख गल्ला आठवड्याच्या आठवड्याला आठ-दहा हजार असा बँकेत भरला जात असेल, तर तीच दुकानाची साक्ष होते. तोच गल्ला घरात साठवून अर्जाच्या तोंडावर चार लाख एकदम भरले, तर खरा पैसाही खोटा दिसतो.

शेवटी प्रवासाचा खर्च आणि तारखा. वर्षाला पाच लाख मिळवणाऱ्याने सहा आठवड्यांवर चार लाख उडवणार असे लिहिले, तर ते पटत नाही. या घराने तिकिटांचे दीड-पावणेदोन लाख स्वतःच्या बचतीतून आणि राहण्या-जेवण्याचा खर्च मुलाकडून, असे लिहावे. मुलाच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे स्टेटमेंट त्याला जोडावे. जुलै-ऑगस्ट हा काळ एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्या मधला आहे. बागेकडे भाऊ पाहील, दुकानात पुतण्या बसेल, ऑक्टोबरच्या छाटणीला आम्ही हजर असू. परत येण्याचे याहून सबळ कारण नोकरदाराच्या रजापत्रातही नसते.

उरलेला आक्षेप

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की ज्याच्याकडे पट्ट्या नाहीत, ज्याने सगळा माल रोखीने विकला, त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्पन्न असूनही या वर्षी कागदावर येणार नाही आणि कोणताही एजंट ते आणू शकणार नाही. त्याने या वर्षी अर्ज मुलाच्या ऐपतीवर, जमिनीच्या कागदांवर आणि छोट्या मुदतीच्या प्रवासावर उभा करावा, किंवा एक हंगाम थांबावे. पुढच्या हंगामात पैसे खात्यावर मागावेत, पट्ट्या फाइलला लावाव्यात, पीकपाहणी करावी, रिटर्न मुदतीत भरावा. कागद नीट असले म्हणजे व्हिसा मिळेलच, असेही मी म्हणत नाही. निर्णय अधिकाऱ्याच्या समाधानावर असतो आणि पाहुणा-व्हिसाच्या नकारावर सहसा अपील नसते, नव्याने अर्जच करावा लागतो. त्या अर्जात आधीचा नकार सांगावाही लागतो.

म्हणूनच बनावट कागदाची किंमत नीट समजून घ्यावी. साध्या नकारानंतर चांगल्या कागदांनिशी पुन्हा जाता येते. खोटा कागद किंवा खोटे निवेदन सापडले, तर ब्रिटनच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांपर्यंतची बंदी येऊ शकते. मुलगा तिकडे स्थायिक असलेल्या आईवडिलांसाठी याचा अर्थ नातवंडांचे सगळे बालपण हातचे जाणे असा होतो.

तेव्हा व्हिसाचा विचार घरात सुरू झाला की एजंटाकडे जाण्याआधी मागच्या हंगामाच्या पट्ट्या शोधा आणि बारा महिन्यांचे स्टेटमेंट काढून त्यांच्याशी ताडून पाहा. जो आकडा दोन्हीकडे जुळेल तोच अर्जात लिहा, तो तीन लाखांचा असला तरी.